एक पान, चार तारखा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवण्या ऐन भरात होत्या. भंडारा जिल्ह्यात त्या दिवसांत दिवेलागणीपूर्वी कुणी कुणाकडे जात नाही, कारण माणसं बांधीतून परतलेलीच नसतात. त्यामुळे गल्लीच्या टोकाला राहणारी ती बाई चिखलाचे पाय धुऊन, पदराला हात पुसत आमच्या ओसरीवर आली, तेव्हाच काहीतरी बिनसलं आहे हे माझ्या ध्यानात आलं. तिच्या हातात वहीचा फाडलेला, दोन्ही बाजूंनी भरगच्च लिहिलेला कागद होता.

"काकाजी, पोरीच्या बाबानं रात्री लिहिलं. उद्या शाळेत देतो म्हणते. तुमी एकदा वाचून द्या."

माझ्याकडे असे कागद येतात. बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही तक्रारींच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर चार कादंबऱ्या लिहिल्या. गावाचा समज असा की या माणसाला अर्जही येत असणार. मी चष्मा लावून वाचू लागलो.

मुलगी सहावीत. शाळा गावातलीच. मराठीच्या तासाला मुलं आळीपाळीने धडा वाचतात. ही पोर 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'डोळा'ला 'डोरा' म्हणते. यात तिचा काही दोष नाही. तिच्या घरात, शेजारात, आजीच्या तोंडात तेच आहे. आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीतच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं आणि ती अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे, हे परोपरीने दाखवलं. पण ते पुस्तकात राहिलं. वर्गात मात्र गुरुजींनी पोरीला फळ्याजवळ उभं केलं, "पुन्हा म्हण, पुन्हा म्हण" असा घोशा लावला आणि सारा वर्ग हसत राहिला. एकदा नव्हे, दोनदा.

बापाचा कागद पेटलेला होता. 'हे सर आमच्या मुलीचा नेहमी छळ करतात. त्यांना गरिबांच्या पोरांचा राग आहे. मुद्दाम अपमान करतात. अशा माणसाला शिक्षक म्हणायची लाज वाटते. ताबडतोब बदली करा, नाहीतर आम्ही पाहून घेऊ.' असं दोन पानं. एकही तारीख नाही, कुठला धडा ते नाही, नक्की काय घडलं ते नाही. शिव्या नव्हत्या, पण शिव्यांच्या उंबरठ्यापर्यंत सारं आलेलं होतं.

तो कागद वाचताना मला माझी एक जुनी चूक आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी एका शाखेत अधिकारी असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पत्र आलं होतं. काउंटरवरचा कारकून आपल्याला मुद्दाम परत पाठवतो, असं त्यात होतं. भाषा अशी, की वाचवेना. कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला. मी कारकुनाला बोलावलं, त्याने कानावर हात ठेवले, आणि मी त्या पत्रावर 'निराधार' असा शेरा मारून ते फाइलला लावलं. पुढे तपासणी आली तेव्हा उघड झालं, की तो कारकून अंगठा उठवणाऱ्या खातेदारांना खरोखरच दोन-दोन, तीन-तीन खेपा घालायला लावत होता. म्हाताऱ्याची तक्रार अक्षरशः खरी होती. मी पत्राचा राग वाचला आणि पत्रातली गोष्ट वाचायची राहून गेली. दोष माझाच होता. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली आहे, की रागाने लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला पळवाट देतं. तो मजकुराला उत्तर न देता भाषेवर बोट ठेवतो आणि मोकळा होतो.

म्हणून मी त्या बाईला म्हटलं, "हा कागद उद्या देऊ नका. पण फाडूही नका."

नवरा मागून आलाच होता. तो दारातूनच म्हणाला, "काहून नाही द्याचा? पोरगी रोज रडते. आमी वाट पाहाची का?"

त्याचं बरोबर होतं. वाट बघायला सांगणारा माणूस पोरीचा बाप नसतो. मी त्याला दोन कामं सांगितली, जी त्याच आठवड्यात करायची होती. पहिलं, आईने सकाळी कामावर जाण्याआधी त्या गुरुजींना एकटं गाठून तोंडी सांगायचं, की पोरीला फळ्याजवळ उभी करू नका, तिला फार लागतं. दुसरं, आजपासून एक वही घालायची.

वहीचं सांगतो, कारण सगळा भार तिच्यावर असतो. पोर शाळेतून आली की त्याच संध्याकाळी तारीख, तास, कुठला धडा आणि काय घडलं ते लिहायचं. शक्यतो पोरीच्याच शब्दांत. ती म्हणाली 'सर माझ्यावर खेकसले', तर 'खेकसले' हेच लिहायचं. आपण त्याचं 'शिवीगाळ केली' करायचं नाही. विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. "आज पुन्हा उभी केली का?" असं विचारलं की पोर हो म्हणते, कारण आईला तेच ऐकायचं आहे हे तिला कळतं. "आज मराठीच्या तासाला काय झालं?" आणि मग फक्त "पुढे?", एवढंच. एकच प्रसंग चार दिवसांनी पुन्हा सांगताना वाढत गेला, तर समजावं की आपण जास्त विचारतो आहोत. म्हणून पहिल्या दिवशीची नोंद हीच खरी धरायची आणि नंतर तिच्यात भर घालायची नाही. काही घडलं नाही त्या दिवशीही 'आज वाचन झालं, काही नाही' असं लिहायचं. या ओळींमुळे वही पुराव्याची होते. ज्या वहीत फक्त वाईटच दिवस असतात, ती वही वाचणाऱ्याला खोटी वाटते.

आईने १४ जुलैला गुरुजींना फाटकाशी गाठलं. ते म्हणाले, "अहो, उच्चार सुधारायला नकोत का? उद्या मुलाखतीला जाईल तेव्हा लोक हसतील." बाईला यावर बोलता आलं नाही. पण तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं, हे फार चांगलं केलं.

पंधरा दिवसांनी वही माझ्यासमोर आली. ८ जुलै आणि ११ जुलै हे प्रसंग आठवून लिहिलेले होते. १५ जुलै आणि २२ जुलै हे त्याच दिवशी लिहिलेले. २२ तारखेला पोर तास संपेपर्यंत फळ्याजवळ उभी होती. त्यानंतर दोन दिवस पोट दुखतं म्हणून घरी राहिली आणि गेली तेव्हा पुस्तक उघडून वाचेना.

वहीने आणखी एक गोष्ट उजेडात आणली, जी बापाच्या कागदात नव्हती. गुरुजी आणखी दोन मुलांनाही असंच उभं करत होते. म्हणजे 'फक्त आमच्याच पोरीवर राग' हे खरं नव्हतं. बाप जरा ओशाळला. मी म्हटलं, यात तुमची बाजू कमी झाली नाही, ती पक्की झाली. एका पोरीवर राग असेल तर तो भांडणाचा विषय होतो. तीन पोरांशी तीच वागणूक असेल तर तो शिकवण्याच्या पद्धतीचा विषय होतो, आणि पद्धत बदलायला सांगणं मुख्याध्यापकांना पुष्कळ सोपं असतं. मात्र त्या दोन मुलांची नावं आपल्या पत्रात घालायची नाहीत. त्यांच्या आईबापांचं म्हणणं त्यांनी मांडावं. दुसऱ्याच्या वतीने न विचारता बोललं, की पहिल्याच भेटीत तो माणूस "आमची काही तक्रार नाही" म्हणतो आणि आपलं सारं पत्र डळमळतं.

मग पत्र लिहायला बसलो. इथे माझी दुसरी चूक झाली. बापाचं पत्र जळजळीत होतं म्हणून मी ते इतकं थंड केलं, की त्यात काही उरलंच नाही. बँकेची सवय. 'सविनय सादर करण्यात येते की, आमच्या पाल्यास वर्गात काही अडचणी येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत आपल्या स्तरावर योग्य ती दखल घ्यावी, ही नम्र विनंती.' मला वाटलं, छान झालं. बाईला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली,

"काकाजी, यात आपन मागतो काय?"

मी पुन्हा वाचलं आणि हसू आलं. खरंच काही मागितलेलं नव्हतं. 'योग्य ती दखल' म्हणजे काय, हे मी तक्रारींच्या टेबलावर बसून चांगलं ओळखून होतो. वाचणाऱ्याने 'दखल घेतली' असं लिहिलं की दखल घेतली गेली. 'काही अडचणी' हा शब्द तर त्याहून वाईट. कुणी काय केलं, हेच त्यात पुसून जातं. बापाच्या पत्राला उत्तर द्यायची गरज नव्हती कारण ते फार तापलेलं होतं. माझ्या पत्राला गरज नव्हती कारण ते फार नमलेलं होतं. दोन्हींचं ठिकाण एकच, फाइल.

तेव्हा आम्ही तिघांनी बसून ओसरीवर तिसरं पत्र केलं. नियम एकच ठेवला. प्रत्येक वाक्याला विचारायचं, की हे आपल्याला कसं माहीत? पोरीने सांगितलं असेल तर 'मुलीने सांगितले' असं लिहायचं. आपण पाहिलं असेल तर 'मी पाहिले'. आणि जे माहीत नाही, ते गाळायचं. 'मुद्दाम', 'राग आहे', 'गरिबांच्या पोरांना' ही सारी वाक्यं या चाळणीतून खाली पडली. गुरुजींच्या मनात काय आहे, ते आपल्याला माहीत नाही. शिवाय हेतूवर उभं केलेलं पत्र समोरच्याच्या एका वाक्याने पडतं. तो म्हणतो, "माझ्या मनात तसं काही नव्हतं," आणि विषय संपतो. पोर तासभर फळ्याजवळ उभी होती, याला मात्र "माझ्या मनात नव्हतं" हे उत्तर होत नाही.

'नेहमी' हा शब्दही गेला. 'नेहमी' म्हटलं, की समोरचा एक दिवस काढून दाखवतो, ज्या दिवशी असं झालं नव्हतं. त्याजागी चार तारखा आल्या. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला विशेषणं कापताना जीवावर येतं. पण इथे एकाही विशेषणाची गरज पडली नाही.

शेवटी जे पत्र गेलं, ते असं :

'मा. मुख्याध्यापक यांस,

विषय : मराठीच्या तासाला माझ्या मुलीस उच्चारावरून वर्गासमोर वारंवार उभे करण्याबाबत.

माझी मुलगी आपल्या शाळेत सहावीत शिकते. ८, ११, १५ आणि २२ जुलै या चार दिवशी मराठीच्या तासाला धडा वाचताना तिने काही शब्द घरच्या बोलीप्रमाणे उच्चारले. त्या वेळी तिला फळ्याजवळ उभे करून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले आणि वर्गातील मुले हसत होती. २२ जुलैला ती तास संपेपर्यंत उभी होती. हे मला मुलीने घरी सांगितले. मी स्वतः वर्गात नव्हते. १४ जुलैला मी संबंधित शिक्षकांना भेटून तिला उभे करू नये असे सांगितले होते. त्यानंतर दोनदा पुन्हा तसे घडले.

२२ जुलैनंतर ती दोन दिवस शाळेत आली नाही आणि आता मराठीच्या तासाला वाचत नाही.

पुस्तकातील मराठीचे उच्चार तिला यावेत, हे आम्हालाही हवे आहे आणि ते शिक्षकांनीच शिकवावेत. आमचे मागणे दोनच आहे. तिचा उच्चार दुरुस्त करायचा तो तिला वर्गासमोर उभे न करता करावा. आणि कोणीही वाचताना मुले हसली तर शिक्षकांनी त्यांना थांबवावे.

याविषयी संबंधित शिक्षकांसह आपली भेट २ ऑगस्टपर्यंत मिळावी. मी सकाळी शाळा भरण्यापूर्वी येऊ शकते.'

खाली आईची सही आणि तारीख, २९ जुलै. एक पानही पुरं भरलं नाही.

पत्रातल्या एका वाक्यावर बाप अडला होता. 'उच्चार शिकवावेत, हे आम्हालाही हवे आहे' हे कशाला? आपण काय त्यांचं बरोबर म्हणायचं? मी म्हटलं, गुरुजींनी फाटकाशी जे सांगितलं तेच भेटीत सांगणार आहेत. ते आपण आधीच मान्य केलं, की त्यांच्याकडे बोलायला उरतं ते फक्त उभं करण्याबद्दल. समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं आपणच लिहून टाकणं ही नरमाई नव्हे. त्याने वादाचं मैदान आपल्याला हवं तेवढंच राहतं.

आणखी एक वाक्य मी मुद्दाम घालू दिलं नाही, ते कायद्याचं. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला, दोन्हींना मनाई आहे आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. २९ व्या कलमात तर मूल भीती, धसका आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडता यावं, असं अगदी स्पष्ट लिहिलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाची घरची भाषा वर्गात मानाने वागवावी असं सांगितलं. हे सारं आमच्या बाजूचं होतं. तरी पहिल्या पत्रात ते नको म्हटलं, कारण कलमाचा आकडा दिसला की वाचणारा वकिलाच्या नोटिशीसारखा बचावाला बसतो. कलम हे दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवायचं.

पत्र देताना दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी : सही, तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक. कुणी पोच द्यायला कां-कूं केलं तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं आणि पावती वहीला चिकटवावी. आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ते टाकू नये. बापाला तो मोह झाला होता. पण चाळीस जणांसमोर ज्याच्यावर बोट दाखवलं, तो माणूस मग सुधारायचं सोडून चाळीस जणांसमोर स्वतःचा बचाव करत बसतो. शिवाय पोरीचं नाव गावभर होतं.

कागद आणि पोच यांना मी एवढं महत्त्व का देतो, असं कुणी विचारील. एक जुनी गोष्ट सांगतो. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय तुझ्या बाजूला आहे, पण इतर मुलं शाळा सोडतील, अशा अर्थाचं सांगून सरकारने तो फेटाळला. पण अर्ज लेखी होता, म्हणून नकारही लेखी द्यावा लागला. ते कागद वर गेले, हिंदुस्थान सरकारपर्यंत आणि पुढे विलायतेत कंपनीच्या संचालकांपर्यंत. आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व त्यातून मान्य झालं. ते तत्त्व वर्गात उतरायला किती काळ लागला, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलाला तर तेव्हा काहीच मिळालं नाही. एवढंच, की तोंडी गेला असता तर तो दारातूनच परतला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आमच्या पोरीची भेट १ ऑगस्टला सकाळी झाली. आई आणि बाप दोघं गेले. त्या दिवसाची रोवणीची मजुरी बुडाली. तक्रारीला असाही खर्च असतो, आणि तो गरिबालाच जास्त पडतो. मी गेलो नाही. जायला हवं असं बापाला वाटत होतं, पण निवृत्त अधिकारी बरोबर आला की भेटीची सुनावणी होते. मी त्यांना एकच सांगितलं : पत्र वाचून दाखवू नका, त्यांनी वाचलेलं आहे. गुरुजींना आधी बोलू द्या. गोष्ट कुठेही भरकटली, तुमची पोर अभ्यासात कच्ची आहे, घरी कुणी लक्ष देत नाही, असं काहीही निघालं, तर "त्यावरही बोलू, पण तिला फळ्याजवळ उभी करू नका, एवढं आज ठरू द्या," या वाक्यावर परत या.

तसं झालंही. गुरुजी सुरुवातीला चिडलेले होते. त्यांनी वीस वर्षांची नोकरी सांगितली. पोरीचं शुद्धलेखन कच्चं आहे, हे सांगितलं. आई तीनदा त्या वाक्यावर परत आली. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापकच म्हणाले, "सर, एवढं तर आपण करू शकतो." गुरुजींनी माफी मागितली नाही. आम्ही ती मागितलीही नव्हती; पत्रात नसलेली गोष्ट भेटीत मागू नये. ठरलं ते असं, की वाचनाच्या तासाला मुलं दोघादोघांनी बाकावर बसूनच वाचतील आणि चुकलेले शब्द गुरुजी शेवटी सगळ्यांसाठी फळ्यावर लिहून म्हणवून घेतील.

त्याच दुपारी आईने चार ओळींचं पत्र दिलं : 'आज सकाळच्या भेटीत खालीलप्रमाणे ठरले, त्याबद्दल आभारी आहे.' आणि खाली ठरलेलं. पुष्कळ चांगल्या भेटी इथे वाया जातात. भेटीत सगळे माना डोलावतात आणि महिन्याभराने कुणाला काय ठरलं ते वेगवेगळं आठवतं.

१३ ऑगस्टला पोर पुन्हा उभी राहिली. एकदाच, पाच मिनिटं. बापाने जुना कागद काढला. आई मात्र माझ्याकडे न येता स्वतःच तीन ओळी लिहून मुख्याध्यापकांना देऊन आली होती : '१ ऑगस्टला ठरले होते. १३ ऑगस्टला पुन्हा घडले. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाकडे आपले लक्ष वेधते आणि लेखी उत्तर मागते.' मी ते वाचून गप्प राहिलो. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं आणि त्यानंतर तसं झालं नाही.

उत्तर आलं नसतं तर? तर पुढची पायरी होती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्यापुढे पत्र ठेवता येतं. मग केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. याच कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि दोन्ही बाजूंना ऐकून घेऊन तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा असं बंधन आहे. त्याने समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पायऱ्या चढताना प्रत्येक वेळी तीच वही, तीच पत्रं आणि त्यांच्या पोची सोबत लावायच्या. नवीन विशेषणं नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हा सबुरीचा रस्ता सगळ्या प्रसंगांना लागू नाही. पोराला मारहाण होऊन इजा झाली, कुणी अंगाला वाईट हात लावला किंवा जातीवरून अपमान झाला, तर वही घालत पंधरा दिवस बसायचं नसतं. तिथे त्याच दिवशी पोलीस, किंवा १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक.

परवा ती पोर पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर आली. आजोबा, वाचून दाखवू का, म्हणाली. 'पाणी' नीट आलं. 'डोळा'ला जरा अडखळली, माझ्याकडे पाहिलं आणि 'डोळा' म्हणाली. मग पुस्तक मिटून आईला हाक मारताना म्हणाली, "आई, डोऱ्यात कचरा गेला." मी काही बोललो नाही. दोन्ही शब्द तिचेच आहेत.

बापाचा तो पहिला कागद अजून त्यांच्या पेटीत आहे. मीच ठेवायला सांगितला. त्यातला राग खरा होता, आणि तो नसता तर ती बाई त्या संध्याकाळी आमच्याकडे आलीच नसती.